दिवा लागला, आणि आठ सेकंदांनी...

लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग 777 हे विमान 21 मे 2024 रोजी म्यानमारवर जोरात हादरलं आणि शेवटी बँकॉकला उतरवावं लागलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. 'विमान तीन मिनिटांत 6000 फूट कोसळलं' अशा बातम्या सगळीकडे झळकल्या, आणि आजही लोक तेच सांगतात. ते खरं नाही. 6000 फुटांची ती उतरण धक्क्यानंतर सुमारे सतरा मिनिटांनी वैमानिकांनी व्यवस्थित नियंत्रणात केली होती. माणसं जखमी झाली ती अवघ्या 178 फुटांच्या घसरणीत, 4.6 सेकंदांच्या आत.

एवढ्याशा घसरणीनं हाडं कशी मोडतात, हे समजायला उंची सोडून त्वरणाकडे बघावं लागतं. विमान सरळ, शांत उडत असताना आपल्याला नेहमीचं वजन जाणवतं, त्याला 1 जी म्हणतात. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं फ्लाइट रेकॉर्डरमधून काढलेल्या नोंदीनुसार हा आकडा 0.6 सेकंदात अधिक 1.35 वरून उणे 1.5 वर गेला. शून्य जी म्हणजे विमान आणि आपण दोघंही मोकळे पडतोय, वजन जाणवतच नाही. उणे 1.5 म्हणजे विमान मोकळ्या पडणाऱ्या वस्तूपेक्षाही वेगानं खाली खेचलं जातंय. पट्टा न लावलेल्या माणसाला खाली ओढायला फक्त गुरुत्वाकर्षण असतं, म्हणून तो मागे राहतो आणि छतच त्याच्या डोक्यावर येऊन आदळतं.

हिशेब करून बघा. उभ्या माणसाच्या डोक्यावर 40 सेंटीमीटर जागा आहे असं धरू. छत त्याच्याकडे 1.5 जी, म्हणजे सेकंदाला सेकंदाला सुमारे 14.7 मीटर या त्वरणानं येतंय. ही जागा पाव सेकंदाच्या आत संपते, आणि टक्कर होते ताशी सुमारे 12 किलोमीटर वेगानं. हा सर्वांत वाईट क्षणाचा आकडा आहे, पण हात वर करून धरायलाही वेळ मिळत नाही हे त्यातून कळतं. पुढच्या चार सेकंदांत जी पुन्हा अधिक 1.5 झाला, आणि वर गेलेली माणसं खाली आपटली. 'एअर पॉकेट' नावाची पोकळी आकाशात कुठेही नसते. हवा तिथे होतीच, ती वरखाली वाहत होती.

आता सीटबेल्टच्या दिव्याकडे येऊ. याच नोंदीत 07:49:32 या जागतिक वेळेला वैमानिकानं दिवा लावल्याचं म्हटलं आणि 07:49:40 ला तो झटका बसला. मध्ये आठ सेकंद. बसलेल्या प्रवाशाला पट्टा लावायला ती पुरतील. पण केबिन क्रूचा माणूस भरलेली ट्रॉली घेऊन मधल्या वाटेत उभा असेल, तर ट्रॉली गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात लावायची, तिची कडी घालायची, क्रूची घडीची खुर्ची म्हणजे जंपसीट उघडायची, खांद्यावरचे पट्टे अडकवायचे, हे आठ सेकंदांत होत नाही.

म्हणून टर्ब्युलन्समधल्या, म्हणजे हवेच्या अशा खळबळीतल्या दुखापतीचा अहवाल लिहिताना 'दिवा चालू होता' एवढंच लिहून भागत नाही. तो कधीपासून चालू होता, हे हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणती घोषणा झाली. 'प्रवाशांनी पट्टे लावावेत' आणि 'क्रूनंही ताबडतोब बसावं' या दोन वेगळ्या सूचना आहेत. बऱ्याच कंपन्यांत नुसत्या दिव्यावर क्रूचं काम थांबत नसे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2021 च्या अभ्यासात टर्ब्युलन्समध्ये गंभीर जखमी झालेल्या पाचांपैकी सुमारे चार जण क्रूचेच निघाले, ते का हे यावरून कळतं.

चांगली नोंद साधारण अशी असते: 'मागच्या गॅलीत, उजव्या बाजूला उभी होते. दिव्याचा आवाज ऐकला. वैमानिकाकडून बसण्याची घोषणा ऐकली नाही. ट्रॉलीचा ब्रेक दाबायला वाकले तेव्हा पाय जमिनीवरून सुटले, उतरताना डाव्या घोट्यावर पडले.'

यातली 'मागच्या गॅलीत' ही नोंद फार मोलाची आहे. त्वरण मोजणारं यंत्र विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ बसवलेलं असतं. नाक वरखाली झालं की शेपटीकडचा भाग त्या मध्याभोवती झुलतो, त्यामुळे मागे उभ्या माणसाला बसणारा झटका रेकॉर्डरच्या आकड्यापेक्षा मोठा असू शकतो. कोण कुठे उभं होतं हे तर रेकॉर्डरला माहीतच नसतं. ते सांगतो तो हा अहवाल.

त्या अपघातानंतर काही दिवसांतच सिंगापूर एअरलाइन्सनं नियम बदलला: दिवा लागला की गरम पेयांबरोबर जेवण वाढणंही थांबवायचं आणि क्रूनंही आपल्या जागी बसून पट्टा लावायचा.