प्रयोगक्षम नाट्यानुवाद

नाटकाचे असे भाषांतर की जे हातात घेऊन नटांना थेट तालमीला उभे राहता येते. यात वाक्याच्या अर्थाबरोबर त्याचा दम, विराम, पात्राची एन्ट्री-एक्झिट आणि रंगसूचनाही दुसऱ्या भाषेत जागच्या जागी न्याव्या लागतात. पात्रे, गाव आणि चालीरीती बदलून केलेले रूपांतर हा वेगळा प्रकार. हेन्रिक इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नॉर्वेजियन नाटकावरून अनंत काणेकरांनी केलेले ‘घरकुल’ हे रूपांतर आहे. त्यातल्या नोरा आणि हेल्मर या नवरा-बायकोला नॉर्वेतच ठेवून हेच नाटक मराठीत करायचे झाल्यास कोणते प्रश्न येतात, हे पाहिले की प्रयोगक्षमता म्हणजे काय ते नीट कळते.

पहिला प्रश्न शब्दक्रमाचा. पहिल्या अंकात नोरा मैत्रिणीला, श्रीमती लिंडेला, नवऱ्याच्या नकळत पैसे उभे केल्याचे आपले गुपित सांगते. मूळ वाक्याची रचना जशीच्या तशी उचलली तर ‘ती मी होते जिने पैसे उभे केले’ असे काहीतरी होते आणि ते कोणत्याही नटीच्या तोंडी बसत नाही. ‘मी पैसे उभे केले’ हे सरळ आहे, पण त्यात जोर पैशांवर जातो. लिंडेचा पुढचा उद्गार ‘तू?’ असा आहे. तो उसळून यायचा तर नोराचे वाक्य ‘मी’वर संपायला हवे:

नोरा : बाबांनी एक छदाम दिला नाही. पैसे उभे केले ते मी.
लिंडे : तू? एवढी मोठी रक्कम?

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तुटणाऱ्या वाक्यांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. समोरच्याने मध्येच तोडलेल्या वाक्यात ‘नाही’ उच्चारायचे राहून गेले, तर प्रेक्षकाला उलटाच अर्थ लागतो.

दुसरा प्रश्न संबोधनाचा, आणि इथे मराठीकडे मोठी सोय आहे. नोराने ज्याच्याकडून ते पैसे कर्जाऊ घेतले तो क्रोगस्टाड हेल्मरच्या बँकेत नोकरीला आहे आणि त्याचा तरुणपणचा ओळखीचाही. तो चारचौघांत हेल्मरला ‘तू’ म्हणतो, आणि बँकेचा व्यवस्थापक होणाऱ्या हेल्मरला ते असह्य होते. तू-तुम्हीचा भेद इंग्रजीत उरलेला नाही, त्यामुळे तिथे ही तक्रार बरेचदा पहिल्या नावाने हाक मारण्याची होते. इंग्रजीवरून काम करणारा मराठी अनुवादकही मग तेच लिहितो. खरे तर ‘लोकांसमोर मला अरे-तुरे करतो’ एवढे म्हटले की काम होते. नोरा याला कोतेपणा म्हणते, हेल्मर दुखावतो आणि क्रोगस्टाडच्या बडतर्फीचे पत्र त्याच क्षणी पाठवून देतो. म्हणजे पुढचे सगळे संकट या एका सर्वनामावर उभे आहे. नवरा-बायको मुळात एकमेकांना ‘तू’च म्हणतात. नोराच्या तोंडी ‘अहो’ घालून शेवटच्या प्रवेशात ते ‘अरे’ करण्याचा मोह होतो, पण ती अनुवादकाने घातलेली भर ठरते. ती टाळलेली बरी.

रंगसूचनांचे भाषांतर करताना क्रम हलू न देणे हे मुख्य काम. सुरुवातीला नोरा चोरून खाल्लेल्या मॅकरूनची पिशवी खिशात टाकते, तोंड पुसते आणि मग नवऱ्याला बाहेर बोलावते. ही सूचना हाकेनंतर छापली गेली तर नोरा पकडली जाईल असे वाटू लागते आणि लपवण्यातली सफाई जाते. तिसऱ्या अंकात नोरा हेल्मरला टेबलापाशी समोर बसवते आणि ‘हा हिशेब आहे’ म्हणते. मूळ शब्द देणे-घेणे मिटवण्याचा आहे, आणि कर्जावर रचलेल्या नाटकात ‘हिशेब’ तो नेमका पेलतो. ‘म्हणजे काय?’ असे हेल्मर विचारतो, मग थोडी शांतता, मग नोरा बोलते. ही शांतता नोराच्या उत्तराआधीची आहे. तिथे अनुवादकाने ‘अगं’, ‘पण’ असे भरीचे शब्द टाकले की ती विरून जाते. तालमीत हे लगेच समजते: नटी थांबायला जागा शोधू लागते आणि समोरचा नट ती वाक्य विसरली असे समजून पुढचे वाक्य घेतो.

शेवटचा आवाज तर फार वेळा चुकतो. शेवटी घर सोडणारी नोरा खोलीचे दार आपटून गेली, असे बहुतेकांच्या मनात पक्के असते. मूळ सूचनेत आवाज खालून येतो आणि तो इमारतीच्या रस्त्याकडच्या दरवाजाचा आहे. नोरा बाहेरच्या खोलीतून निघून जिना उतरते, तेवढ्यात हेल्मर खुर्चीत कोसळतो, तिला हाका मारतो, उठतो, तिने उच्चारलेले ‘सर्वांत मोठे आश्चर्य’ आठवून त्याला क्षणभर आशा वाटते, आणि तेव्हा दरवाजा बंद होतो. जिना उतरायला लागणारा वेळ हेल्मरच्या या तुटक वाक्यांनी आणि हालचालींनी मोजलेला आहे. वाक्ये आटोपशीर केली तर ध्वनी देणाऱ्याला आवाज लवकर सोडावा लागतो आणि आशेला जागा उरत नाही. ‘आश्चर्य’ हा शब्दही आधीच्या अंकांपासून तोच ठेवावा लागतो. मध्येच कुठे ‘चमत्कार’, कुठे ‘नवल’ केले तर शेवटी हेल्मर नोराचाच शब्द उचलतो आहे, हे प्रेक्षकाच्या कानाला कळत नाही.