पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला? नाही हो!

"गेम लावला की पीसी फट्कन बंद पडतो. हिरवी-काळी वायर जोडून बघितली, एसएमपीएसचा पंखा फिरतो, म्हणजे तो ठीक ना? रॅम बदलू का?"

रॅम अजिबात घेऊ नका. त्या टेस्टने फक्त एवढंच कळतं की एसएमपीएस चालू होतो, कारण तेव्हा त्याच्यावर लोडच नसतो, आणि म्हातारे झालेले कपॅसिटर लोड आला की मगच हात टेकतात. रॅम खराब असली तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन नाहीतर एरर येतो, असा लाईट गेल्यासारखा पीसी बंद पडत नाही.

आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं टेम्परेचर बघा, ते नॉर्मल असेल तर मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि चार पिनांच्या रिकाम्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळा प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब पिवळ्याला लावा, फक्त दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतं. माझ्या पीसीवर नुसत्या डेस्कटॉपला १२.१ होतं, गेम सुरू केला तर ११.२ वर आलं आणि पीसी गेला, तिथेच चोर सापडला.

पण रीडिंग बरोबर आलं तरी निश्चिंत होऊ नका, क्षणभराची घसरण मीटरला दिसत नाही. मग मित्राचा चांगला, पुरेशा वॅटचा एसएमपीएस लावून बघा, त्याच्याच केबलींसकट, कारण मॉड्युलर केबलींची पिनरचना वेगळी असू शकते आणि हार्डडिस्क जळते.

आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका प्लीज, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.