'संमत' आणि 'संमती': विधेयकाच्या शेवटच्या पायरीची पार्श्वभूमी

विधेयकाचा कायदा कसा होतो, यावर वर्गात बोलायच्या निवेदनात शेवटचं वाक्य असं आहे: "दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली, की त्याचा कायदा होतो." मांडणं, तीन वाचनं, समिती, मतदान हे सगळं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि मुलांना ते पाठही असतं. ही टिपण फक्त त्या सहीबद्दल आहे, कारण गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा घटनात्मक वाद तिथेच झाला.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. आपल्याकडे बातमीत येतं, "विधेयक संमत." मग महिन्याभराने येतं, "विधेयकाला संमती." मुलांना वाटतं, एकच गोष्ट दोनदा छापली. पहिल्या बातमीत सभागृहाचं मत असतं आणि दुसरीत राष्ट्रपतींचा किंवा राज्यपालांचा होकार. संविधानाच्या मराठी प्रतीत या दुसऱ्यासाठी 'अनुमती' हा वेगळा शब्द आहे. वर्गात तोच वापरावा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

फरक डोळ्यांनी दाखवायचा तर माहिती अधिकाराच्या कायद्याचं पहिलं पान मुलांसमोर ठेवावं. विधेयक डिसेंबर २००४ मध्ये मांडलं गेलं. लोकसभेने ते ११ मे २००५ रोजी मंजूर केलं आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी, १२ मेला. पण छापील कायद्यात शीर्षकाखाली चौकटी कंसात तारीख आहे १५ जून २००५. ती अनुमतीची तारीख. आणि बहुतेक कलमं प्रत्यक्षात लागू झाली १२ ऑक्टोबरला. म्हणजे संमत झालं मे महिन्यात, कायदा झाला जूनमध्ये आणि अर्ज करता आला ऑक्टोबरात. कोणत्याही कायद्याच्या पहिल्या पानावरची ती कंसातली तारीख शोधायची सवय मुलांना लागली, तर बातमीतला "कायदा झाला" हा मथळा किती लवकर छापला गेला, हे त्यांचं त्यांना कळेल.

ही सही मुळात राजाची. इंग्लंडमध्ये राजसत्तेने विधेयकाला नकार दिल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ सालचा. त्यानंतर तिथे ती औपचारिकताच उरली. इथे मात्र वसाहतीच्या काळात उलटं होतं. १९३५ च्या कायद्यात प्रांताच्या राज्यपालाने विधेयकाचं काय करायचं, हे त्याच्या स्वतःच्या मर्जीवर सोडलेलं होतं. आपलं संविधान लिहिताना तो ढाचा समोर होता. 'मर्जीनुसार' हे शब्द काढले गेले, पण अनुमती देणं, रोखणं, परत पाठवणं आणि राज्यांच्या बाबतीत राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं हे पर्याय राहिले.

खरा प्रश्न मुदतीचा होता. मसुद्यात लिहिलं होतं की राष्ट्रपतींना विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचं असेल, तर ते सहा आठवड्यांच्या आत पाठवावं. १९४९ मध्ये ते शब्द काढून तिथे 'शक्य तितक्या लवकर' असं घातलं गेलं. एका सदस्याने तेव्हाच हरकत घेतली होती. बदल करणाऱ्यांच्या मनात बहुधा घाईच असावी: सहा आठवडे दिले की सहाही आठवडे वापरले जातात. हेही लक्षात ठेवायला हवं की ती मुदत परत पाठवण्यापुरती होती, थेट अनुमती देण्यासाठी नव्हती. तरीही मला वाटतं, तो आकडा काढला नसता तर बरं झालं असतं. आकडा ओलांडला की लगेच दिसतं. 'शक्य तितक्या लवकर' कधी ओलांडलं गेलं, हे दाखवता येत नाही.

पहिला मोठा अनुभव १९८६ चा. टपालातली पत्रं अडवून तपासण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. राष्ट्रपतींनी ना सही केली, ना ते परत पाठवलं. ते नुसतं टेबलावर राहिलं, आणि पुढे राष्ट्रपतीही बदलले. अखेर २००२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. याला लोक 'खिशातला नकार' म्हणतात, पण हे शब्द संविधानात कुठेही नाहीत.

याच्या अगदी उलट २००६ मध्ये घडलं. लाभाच्या पदांबाबतचं विधेयक राष्ट्रपतींनी मे महिन्यात परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकाला अनुमती रोखता येत नाही, हा नियम इथे स्वच्छ दिसतो. वर्गात उदाहरण म्हणून हेच द्यावं.

राज्यांमध्ये मात्र पेच वाढत गेला, आणि तो तमिळनाडूत सगळ्यात ताणला गेला. विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नेमणुकीवर राज्य सरकारची पकड वाढवणारी आणि इतर काही अशी दहा विधेयकं २०२० पासून राजभवनात येत गेली. १३ नोव्हेंबर २०२३ ला त्या सगळ्यांची अनुमती रोखल्याचं कळवलं गेलं. १८ नोव्हेंबरला विधानसभेने खास बैठक घेऊन दहाही पुन्हा मंजूर केली. नियमाप्रमाणे आता सही व्हायला हवी होती. पण दहा दिवसांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली गेली.

८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ही राखून ठेवण्याची कृती बेकायदा ठरवली. दहा विधेयकांना अनुमती मिळाली असं मानलं जाईल, असंही सांगितलं. पुढच्यासाठी मुदती आखून दिल्या: पुन्हा मंजूर होऊन आलेल्या विधेयकावर एक महिना, राष्ट्रपतींकडे गेलेल्यावर तीन महिने. काही दिवसांतच ते दहा कायदे राजपत्रात आले. सहीशिवाय.

मे महिन्यात राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागितलं, चौदा प्रश्न विचारून. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं: संविधानात नसलेली मुदत न्यायालयाला घालता येणार नाही आणि 'मानीव अनुमती' अशी गोष्ट नाही. त्याच मतात असंही आहे की विधेयक परत न पाठवता राज्यपालांना नुसती अनुमती रोखून ठेवता येणार नाही. कारण न देता फार काळ काहीच केलं नाही, तर न्यायालय त्यांना निर्णय घ्यायला सांगू शकेल, मात्र कोणता निर्णय घ्यावा, हे सांगणार नाही.

'फार काळ' म्हणजे किती, हे तिथेही लिहिलेलं नाही. १९४९ मध्ये काढलेल्या सहा आठवड्यांची जागा अजून मोकळी आहे.

म्हणून निवेदनातलं शेवटचं वाक्य मी असं बदललं आहे: "दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्यावर विधेयक अनुमतीसाठी जातं. तिथे त्याला होकार मिळतो, अनुमती रोखली जाते किंवा ते फेरविचारासाठी परत येतं, आणि किती दिवसांत, हे संविधानात आकड्यात सांगितलेलं नाही." इथे मुलं हात वर करतात. तेव्हा थांबावं, आणि २००५ मधल्या राज्यसभेच्या १२ मेपासून त्या पानावरच्या १५ जूनपर्यंत किती दिवस गेले, ते त्यांनाच मोजायला लावावं. चौतीस.