छातीवरचं ओझं आणि रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड

बॉस्टनमधल्या एका गृहस्थांची हकिगत 1956 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वय 51, उंची साडेपाच फुटांना जरा कमी, वजन सुमारे 119 किलो. दर आठवड्याला पत्त्यांचा डाव असायचा. त्या रात्री पोकरमध्ये हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, म्हणजे डाव जवळपास जिंकल्यातच जमा. पण गृहस्थ पानं हातात धरून झोपी गेले आणि संधी हुकली. काही दिवसांनी ते रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड बेसुमार साचला होता. त्यांची हकिगत लिहिणारे डॉक्टर बर्वेल आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. आज डॉक्टर तिला ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात ओएचएस. व्याख्या सोपी आहे: बीएमआय 30 किंवा जास्त, झोपेत श्वसनाचा बिघाड, दिवसा जागेपणी धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब 45 मिलिमीटरच्या वर, आणि त्याला दुसरं कुठलं कारण नाही.

‘जाड माणसाला धाप लागणारच’ असं आपण सहज म्हणतो आणि विषय संपवतो. पण अतिस्थूल माणसांतही बहुतेकांचा कार्बन डायऑक्साइड नॉर्मल असतो. मग काहींचाच का वाढतो?

आधी ओझ्याचं पाहू. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात बरीच हवा शिल्लक राहते आणि तिच्यामुळे ती अर्धवट फुगलेली असतात. छाती-पोटावरची चरबी बरगड्यांना खाली दाबते, पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं आणि ही शिल्लक घटते. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, तसंच इथे होतं. रिकाम्या होत आलेल्या फुप्फुसाला पुन्हा फुगवायला जास्त जोर लागतो, आणि त्यात छातीच्या भिंतीचं वजनही प्रत्येक श्वासाला उचलायचं असतं. आडवं झालं की पोट सगळंच पडद्यावर येतं. म्हणून हे रुग्ण तीन-तीन उशा घेतात किंवा खुर्चीत बसूनच झोपतात. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना श्वासाच्या स्नायूंना शरीराच्या एकूण ऑक्सिजनचा अगदी थोडा हिस्सा लागतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिस्थूल रुग्णांचा श्वास यंत्राने पूर्ण हाती घेतला, तेव्हा त्यांचा ऑक्सिजनचा खर्च सुमारे 16 टक्क्यांनी घटला. एवढा खर्च नुसत्या श्वासावर होत होता.

खर्च वाढला की शरीर काटकसर करतं. खोल श्वास महाग पडतो, म्हणून उथळ आणि भराभर श्वास घेतला जातो. नुकसान नेमकं इथेच होतं. घशापासून श्वासनलिकांपर्यंतची साधारण 150 मिलिलिटर हवा प्रत्येक श्वासात नुसती ये-जा करते, रक्तापर्यंत पोचतच नाही. श्वास छोटा असो की मोठा, ही तूट ठरलेली. सडपातळ माणूस मिनिटाला 12 श्वास घेतो, प्रत्येकी 500 मिलिलिटरचे. एकूण 6 लिटर हवा आत गेली, पण कामाची 350 गुणिले 12, म्हणजे 4.2 लिटर. आता जड शरीराची बाई घ्या. 300 मिलिलिटरचे 25 श्वास, एकूण 7.5 लिटर. आकडा मोठा दिसतो खरा, पण कामाची हवा 150 गुणिले 25, म्हणजे 3.75 लिटरच. छातीचा भाता जोरात चालतोय, पण कामाची हवा सडपातळ माणसापेक्षाही कमी. शिवाय जड शरीर कार्बन डायऑक्साइडही जास्त बनवतं, समजा मिनिटाला 200 ऐवजी 250 मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ‘किती तयार झाला भागिले किती कामाची हवा’ याच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने सडपातळ माणसाचा दाब 41 येतो आणि या बाईंचा 58.

खरं तर मेंदूने 45 ओलांडल्याबरोबरच बोंब मारायला हवी. बहुतेक अतिस्थूल माणसांचा मेंदू ती मारतो आणि श्वास वाढवून हिशेब जुळवतो. ओएचएसमध्ये ती बोंब दबलेली असते, आणि त्याचं एक कारण रात्रीत सापडतं. यातल्या सुमारे 90 टक्के रुग्णांना झोपेत घशाची वाट बंद होण्याचा त्रासही असतो. घोरणं, मग एकदम शांतता, मग दचकून मोठा श्वास. प्रत्येक शांततेत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मधले श्वास तो पुरता धुऊन काढू शकत नाहीत. रक्त आंबट होऊ नये म्हणून मूत्रपिंडं आम्ल मारणारं बायकार्बोनेट राखून ठेवतात. दिवसा त्याचा निचरा हळूहळू होतो, आणि पूर्ण व्हायच्या आत पुढची रात्र येते. या साठ्यामुळे रक्ताचा सामू जवळपास जागेवर राहतो, त्यामुळे मेंदूला तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. लेप्टिन हे चरबीतून सुटणारं संप्रेरक श्वासालाही चालना देतं, आणि या रुग्णांत त्याचा प्रभाव बोथट होतो असं मानलं जातं. पण मला बायकार्बोनेटची बाजू जास्त मोलाची वाटते, कारण ती साध्या रक्ततपासणीत हाती लागते.

याच बाई ओपीडीत आल्या आहेत असं धरा. सकाळी डोकं दुखतं, पाय सुजतात. मुलगा सांगतो, “आई चहाचा कप हातात धरून झोपते हो, कप मीच काढून घेतो.” ऑक्सिमीटर 88 दाखवतो. छातीत फारसं काही ऐकू येत नाही, तरी दम्याचं औषध आधीच चालू आहे. असं वारंवार घडतं. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं की एबीजीच्या, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या, चिठ्ठीवर येतं: सामू 7.36, कार्बन डायऑक्साइड 58, बायकार्बोनेट 32. घाईत नजर फक्त 7.36 वर जाते आणि ‘नॉर्मल’ म्हणून चिठ्ठी बाजूला पडते. खरी गोष्ट 32 या आकड्यात आहे. एका रात्रीत एवढं साचत नाही. फार दाट संशय नसेल तर सरळ धमनी टोचायची गरजही नसते. शिरेतल्या रक्तात बायकार्बोनेट 27 पेक्षा कमी असेल तर ओएचएसची शक्यता कमी. 27 किंवा जास्त आलं तर मात्र एबीजी करावीच.

एक चूक इथे जिवावर बेतू शकते. 88 पाहून कुणी ऑक्सिजनचा मास्क जोरात सोडतो. ऑक्सिमीटर 98 वर जातो, घरच्यांना हायसं वाटतं आणि बाई शांत झोपतात. ती झोप संशयास्पद असते. जास्तीच्या ऑक्सिजनने श्वासाची उरलीसुरली ओढ मंदावते, फुप्फुसात रक्त आणि हवेची जुळणीही बिघडते, आणि कार्बन डायऑक्साइड 58 वरून आणखी चढतो. म्हणून ऑक्सिजन मोजून द्यायचा, आणि सोबत श्वासाला आधार द्यायचा. झोपेच्या गोळीचंही तसंच. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या स्थूल माणसाला ती सहजासहजी देऊ नये.

आधार म्हणजे रात्री मास्क लावून दाबाची हवा. सी-पॅप एकाच दाबाने घसा उघडा ठेवतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं, म्हणजे छातीवरचं वजन उचलायला हातभारही लावतं. प्रकृती स्थिर असेल आणि घसा बंद होण्याचा त्रास तीव्र असेल तर आधी सी-पॅप पुरतं. कार्बन डायऑक्साइड वाढून अचानक दाखल व्हावं लागलं तर बायपॅप. काही आठवडे रात्री नीट गेल्या की बायकार्बोनेट उतरू लागतं, मेंदू पुन्हा तक्रार करायला शिकतो आणि दिवसाचा आकडाही खाली येतो. मास्क नाकावर रुततो, तोंड कोरडं पडतं, म्हणून अनेकजण तो पंधरा दिवसांत कपाटात टाकतात. मग ते तसेच पेंगत परत येतात.

बॉस्टनच्या त्या गृहस्थांच्या काळी अशी यंत्रं घरोघरी नव्हती. त्यांना कमी उष्मांकाचा आहार दिला, वजन उतरलं आणि कार्बन डायऑक्साइडही खाली आला. आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजार हटवायचा तर शरीराच्या वजनापैकी 25 ते 30 टक्के उतरवावं लागतं, आणि तेवढं टिकवायला अनेकदा शस्त्रक्रिया लागते. 119 किलोंच्या माणसासाठी हा हिशेब 30 ते 36 किलोंचा येतो.