फोटोत दिसतं तेवढंच?

गुहागरजवळच्या एका वाडीतून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला आणि गाडी मिळेपर्यंत रात्रभर पाठीवरच पडून होत्या. आता तिसऱ्या दिवशी माकडहाडावर डाग दिसत होता. सुनेने खाली लिहिलं होतं, "मुका मार असेल ना डॉक्टर? कातडी फाटली नाहीये." मला शंका होती ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाबून पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची.

पहिला फोटो मी बादच केला. पडवीतल्या पिवळ्या बल्बखाली लाली नीट ओळखता येत नाही, आणि वर हळद-खोबरेल चोपडलेलं. हळदीखाली त्वचेचा रंग कळत नाहीच, शिवाय पुढे जखम उघडी पडली तर मेलेल्या पेशींचा पिवळा थर कुठला आणि हळद कुठली, हेही कळणार नाही. "हलक्या हाताने पुसा, खिडकीच्या उजेडात काढा, शेजारी मुलाची मोजपट्टी ठेवा," असं सांगितलं. मग बोटाने तीन सेकंद दाबून सोडतानाचा व्हिडिओही मागवला.

दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल होत असेल, तर तिथला रक्तपुरवठा अजून चालू आहे. लाली तशीच राहिली आणि कातडी शाबूत असली, तर ती शय्याव्रणाच्या चार पायऱ्यांपैकी पहिली पायरी. सावळ्या अंगावर हा फरक डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून जागा आजूबाजूपेक्षा गरम, गार, टणक किंवा पिचपिचीत लागते का, हे हाताने पाहावं लागतं. फोटोला हात नसतात.

इथे कातडी शाबूत होती, पण रंग जांभळट होता आणि दाबूनही हलत नव्हता. याला पहिली पायरी म्हणायची नाही. हाडालगतचं मांस आधी चिरडलं जातं आणि त्याची खूण वर यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ही 'खोल ऊतींची इजा' अशी वेगळी नोंदवतात. दुसरी पायरी म्हणजे वरची कातडी जाऊन उरलेला गुलाबी, ओलसर उथळ भाग, किंवा स्वच्छ पाण्याचा फोड. ती इथे मधे आलीच नाही.

दहाव्या दिवशीच्या फोटोत काळी, चामड्यासारखी खपली होती. खपलीखाली किती खोल गेलंय हे दिसत नाही, म्हणून अशा जखमेला पायरी देत नाहीत. 'ठरवता येत नाही' असंच लिहितात. सर्जनने खपली काढल्यावर तळाशी पिवळी चरबी दिसली. चरबी दिसते ती तिसरी पायरी. स्नायू, कंडरा किंवा हाड उघडं पडलं की चौथी. शेवटच्या फोटोवरून मी तिसरी लिहिली असती.

पण ड्रेसिंग करताना सिस्टरने कडेखाली निर्जंतुक काडी सरकवली, तर ती दोन सेंटीमीटर आत गेली आणि टोकाला कडक काहीतरी लागलं. हाड नुसतं हाताला लागलं तरी चौथीच धरतात. केसपेपरवर चौथी लिहिली.