काटकसरी की कंजूष: एका फरकाची पार्श्वभूमी

यवतमाळकडच्या एखाद्या गावात सोयरीक जुळताना मुलाच्या बापाची चौकशी होते. मध्यस्थ सांगतो, "माणूस काटकसरी हाय, पोरगी सुखात राहीन." त्याच माणसाबद्दल पारावर ऐकू येतं, "लय चिकट हाय थो." जुना फवारणी पंप दुरुस्त करून वापरणं आणि साक्षगंध घरच्या घरी उरकणं या दोन्ही गोष्टी दोघांना ठाऊक आहेत. तरी एका शब्दाने सोयरीक पुढे सरकते, दुसऱ्याने थबकते.

शब्दाचा सरळ अर्थ आणि त्यातून सुचणारा अर्थ वेगळे असतात, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात वाच्य आणि व्यंग्य अर्थ वेगळे करून त्यावर काव्यविचार उभा केला. त्याचा भर कवितेवर होता. नेमकी ही काटकसरीची गोष्ट घेतली ती इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने. 1817 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तक्त्यात त्याने एकाच प्रेरणेसाठीचे शब्द तटस्थ, स्तुतीचे आणि निंदेचे अशा रकान्यांत मांडले. पैशाच्या ओढीसमोर स्तुतीच्या रकान्यात काटकसर आली, निंदेच्या रकान्यात कंजूषपणा. वागणं तेच, बोलणाऱ्याचा कौल मात्र वेगळा, असा त्याचा रोख होता.

मला हा तक्ता अर्धाच पटतो. 'कंजूष' म्हणजे 'काटकसरी' अधिक नाराजी, एवढंच ते नाही. काटकसरीत वाया जाणारं वाचवलं जातं. कंजूषीत द्यायला हवं तेही रोखलं जातं. फवारणी पंप दुरुस्त करणारा शेतकरी बैलांना सरकी ढेप वेळेवर घालत असेल, सालदाराची मजुरी अडकवत नसेल, तर त्याला चिकट म्हणणं हा अन्याय आहे. ऐपत असून बैल उपाशी असतील, तर 'काटकसरी' हा शब्दच खोटा ठरतो. म्हणजे वाद निव्वळ आवडीनिवडीचा नाही, गोठ्यात जाऊन पडताळता येतो.

फरक ओळखायला वाक्यात 'पण' घालून पाहावं. 'काटकसरी आहे, पण पाहुण्याला उपाशी धाडत नाही' हे सहज वाटतं. 'कंजूष आहे, पण व्यवहाराला चोख' हेही चालतं, मात्र इथे 'पण' दोष झाकायला धावून येतो. आणखी एक खूण: पाण्याची काटकसर करा असं आपण म्हणतो, पाण्याची कंजूषी करा असं कुणी म्हणत नाही.

ही छटा कायमचीही नसते. 'कृपण' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ दीन, कीव करण्याजोगा असा आहे. गीतेतल्या 'कृपणाः फलहेतवः' मध्ये तोच आहे. मराठीत मात्र कृपण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हात आखडणारा माणूस.