दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटन: रेशन पुस्तिका कोणाला मिळे, कशी वापरावी लागे आणि बाई कारखान्यात गेल्यावर त्या पुस्तिकेचे काय होई

ब्रिटनमधील युद्धकालीन रेशनिंगची सगळी व्यवस्था एका कागदावर उभी होती, तो म्हणजे ओळखपत्र. 29 सप्टेंबर 1939 रोजी देशभर नोंदणी झाली. त्या रात्री घरात असलेल्या प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि व्यवसाय फॉर्मवर लिहायचा होता. फॉर्म परत घ्यायला आलेला गणक तो तपासून ओळखपत्र तिथेच लिहून देई. याच नोंदीवरून अन्न मंत्रालयाने रेशन पुस्तिका पाठवल्या.

पात्रता

पुस्तिका दरडोई मिळे. आपल्याकडील शिधापत्रिकेप्रमाणे ती कुटुंबाच्या नावावर नसे आणि उत्पन्नाचा दाखलाही लागत नसे, कारण श्रीमंतालाही तेवढेच लोणी द्यायचे हेच धोरण होते. बहुतेक प्रौढांची पुस्तिका फिकट बदामी रंगाची असे. गर्भवती, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांना हिरवी पुस्तिका मिळे. तिच्यावर दूध, फळे आणि अंडी यांबाबत अग्रक्रम होता. त्याहून मोठ्या शाळकरी मुलांसाठी निळी पुस्तिका होती. सैनिकांना सैन्यातच जेवण असल्यामुळे पुस्तिका नसे आणि रजेवर घरी आल्यास त्यांना तात्पुरते कार्ड दिले जाई. शाकाहारी व्यक्तीला मांसाचा हक्क सोडून त्याऐवजी जादा चीज घेता येई.

दुकानात नोंदणी

पुस्तिका हाती आली म्हणजे माल मिळाला असे नव्हे. ग्राहकाने आपला किराणा दुकानदार आणि खाटीक निवडून त्यांच्याकडे नोंदणी करायची, दुकानदाराने पुस्तिकेतील प्रतिपत्र कापून स्थानिक अन्न कार्यालयात द्यायचे आणि जमा झालेल्या प्रतिपत्रांच्या हिशेबाने त्याला माल उचलण्याचा परवाना मिळायचा. त्यामुळे दुकानात तितक्याच माणसांचा माल येई आणि आपला वाटा ठरलेला असे. मात्र दुसऱ्या दुकानात तोच कूपन चालत नसे. गाव बदलले की अन्न कार्यालयात जाऊन नवी नोंदणी करावी लागे. 8 जानेवारी 1940 रोजी सुरुवात झाली तेव्हा आठवड्याला माणशी बेकन आणि लोणी प्रत्येकी 4 औंस, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम, आणि साखर 12 औंस असे प्रमाण होते. मार्चपासून मांसही रेशनवर आले, पण ते वजनावर नव्हे तर किमतीवर मोजले जाई, म्हणून स्वस्त तुकडा घेणाऱ्याच्या पदरात जास्त पडे.

डबाबंद पदार्थांसाठी ही पद्धत जमण्यासारखी नव्हती, कारण सर्वांना पुरतील इतके डबे नव्हतेच. डिसेंबर 1941 पासून त्यांच्यासाठी पॉइंट आले, म्हणजे माणशी ठरावीक पॉइंट मिळत आणि ते हव्या त्या डब्यावर खर्च करता येत. हे पॉइंट कोणत्याही दुकानात चालत, आणि ज्या मालाला फार मागणी असे त्याचे पॉइंट मंत्रालय वाढवून टाकी.

पाव आणि बटाटे मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनमुक्त राहिले. गहू जहाजाने येई, बटाटा घरच्या जमिनीत पिके; म्हणून प्रचाराचा सगळा भर बटाट्यावर. ‘पोटॅटो पीट’ नावाचे हसरे चित्र, वर्तमानपत्रांतील पाककृती आणि सकाळी सव्वाआठला रेडिओवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम हे सगळे त्याच कामाचे. माझ्या मते हा प्रचार लोकांना रुचला तो त्यात उपयोगी माहिती असल्यामुळे. 1939 मध्ये नुसते धैर्य ठेवा सांगणारी सरकारी पोस्टरे लोकांना उपदेशासारखी वाटली होती.

स्त्रियांची नोंदणी आणि कारखाना

एप्रिल 1941 पासून स्त्रियांना वयोगटानुसार रोजगार कार्यालयात नाव नोंदवावे लागले. सुरुवात 20-21 वर्षांच्या तरुणींपासून झाली. मुलाखतीत घरची जबाबदारी विचारून ‘स्थलांतरयोग्य’ की ‘स्थानिक’ हे ठरवले जाई. डिसेंबर 1941 च्या कायद्याने 20 ते 30 वयाच्या अविवाहित स्त्रियांवर सक्ती आली. त्यांना सैन्याचे साहाय्यक दल, नागरी संरक्षण किंवा उद्योग यांतून निवड करता येई. 14 वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्या आईला सक्तीने कामावर पाठवले जात नसे.

उदाहरणार्थ, तीन वर्षांचे मूल, त्याची आई आणि अविवाहित मावशी असे घर घ्या. त्यांच्याकडे दोन बदामी आणि एक हिरवी पुस्तिका. आई स्वखुशीने जवळच्या कारखान्यात गेली, तर मुलासाठी सरकारी युद्धकालीन पाळणाघर, जागा असल्यास. तिची खरी अडचण वेळेची. नोंदणीच्या दुकानातला वाटा संध्याकाळीही मिळे, पण मासे, कांदे अशा रेशनबाहेरच्या वस्तूंसाठी दिवसा रांगेत उभे राहावे लागे आणि कारखान्यातली पाळी सुटेपर्यंत त्या संपलेल्या असत. सरकारी काम करणाऱ्या 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक करता येई, आणि तिथल्या जेवणाला कूपन लागत नसे; दुपारचे हे जेवण म्हणजे रेशनवरची भरच. मावशीला मात्र दूरच्या दारूगोळा कारखान्यात पाठवले, की वसतिगृहात राहायला जाताच तिला आपली पुस्तिका तिथल्या व्यवस्थापकाकडे द्यावी लागे, आणि घरच्या दुकानातला तिचा लोण्या-साखरेचा वाटा बंद होई.